फोटोखालचं स्पष्टीकरण

पूर्वी ग्रुपफोटोखाली काय लिहायचं हा प्रश्नच नव्हता. शाळेचा, हापिसचा किंवा पतपेढीच्या संचालक मंडळाचा फोटो असायचा. त्याखाली 'बसलेले (डावीकडून)' आणि 'उभे (डावीकडून)' अशा दोन ओळी यायच्या, आणि शेवटी 'अनुपस्थित' म्हणून एखादा बिचारा असायचा. त्या मजकुरात वाङ्मय नव्हतं हे मान्य. पण चूक झाली तर निदान ती पकडता तरी यायची. कुलकर्ण्यांच्या जागी देशपांडे छापले गेले की देशपांडे येऊन हजेरी घेत. आता फोटोखालच्या मजकुराला कॅप्शन म्हणतात आणि ते चुकलं की कुणीच येत नाही. उलट यायचा तो माणूस यायचा बंद होतो. हे मी अनुभवाने सांगतो आहे; पण त्याकडे मागाहून येतो.

आधी फोटो. आमच्याकडे दोन आहेत. पहिला २००१ सालच्या जुलैतला, सिंहगडावर पुणे दरवाजापाशी काढलेला. बी.कॉम.चा निकाल लागला होता आणि सहाही जण पास झालो होतो, हा योग पुन्हा येईल न येईल म्हणून आम्ही पीएमटीने पायथ्याला उतरून आतकरवाडीच्या वाटेने पावसात गड चढलो. कॅमेरा मक्याच्या मामाचा, छत्तीस फोटोंचा रोल, त्यातला हा शेवटून दुसरा. काढणाऱ्या दहीवाल्या मावशी. त्यामुळे वरच्या डाव्या कोपऱ्यात मावशींच्या बोटाचं टोक आहे. बाकी बंड्या, मक्या, शिऱ्या, संगी, मी आणि अगदी कडेला अव्या. अव्याच्या एका हातात तुटलेली चप्पल आहे. अर्ध्या वाटेत तिचा अंगठा तुटला म्हणून गडी एका पायाने अनवाणी चढत सगळ्यांत शेवटी पोचला. त्याच्याशिवाय फोटो काढायचा नाही म्हणून आम्ही पाऊण तास दरवाजात भिजत उभे होतो.

दुसरा फोटो २०२४ सालच्या डिसेंबरातला. जागा तीच. या वेळी चढलो कुणीच नाही. घाटरस्त्याने तीन मोटारी भरून गेलो. माणसं तीच सहा, पण आता प्रत्येकाच्या अंगाखांद्यावर, आजूबाजूला किंवा मोबाइलमध्ये डोकं घालून दहा पावलं लांब, अशी मुलं. बंड्याची जुळी, संगीचा बारावीतला मुलगा, माझी दहावीतली मुलगी. आणि अव्याच्या खांद्यावर दीड वर्षाची त्याची लेक, त्याचे कान घट्ट धरून बसलेली.

संगीने ठरवलं की हे दोन फोटो शेजारी शेजारी लावून सहा फ्रेमा करायच्या आणि एकेक ज्याने त्याने घरात लावायची. फ्रेमवाला म्हणाला, "खाली दोन ओळी बसतील. एका ओळीत चाळीस अक्षरं. काय लिहू?" झालं. ग्रुपवर मजकुरांचा पाऊस पडला, आणि मी दिवाळी अंकात दोनदा छापून आलेला माणूस म्हणून निवडीचं काम माझ्याकडे आलं. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाखेरीज समीक्षकाला मिळावी अशी दुसरी जागा ती हीच.

आता समीक्षा करायची तर निकष हवा. साहित्यातले निकष मला ठाऊक नाहीत. माझं सगळं शिक्षण जमाखर्चाचं. पण आमच्या बुक-कीपिंगच्या सरांनी रोजकीर्द शिकवताना एक गोष्ट डोक्यात बसवली होती. रोजकीर्दीत नोंद करायची, एक खातं नावे, एक खातं जमा, आकडे समोर, आणि खाली कंसात एका ओळीचं स्पष्टीकरण. ते नेहमी 'बद्दल'ने संपायचं: (भांडवल आणून धंदा सुरू केल्याबद्दल.) एकदा बंड्याने स्पष्टीकरणात लिहिलं, '(रोख खाते नावे व भांडवल खाते जमा केल्याबद्दल.)' सरांनी वही वर धरली. म्हणाले, "अरे गाढवा, ते तर वर दिसतंच आहे! जे आकड्यांत दिसत नाही ते कंसात लिहायचं. हे का झालं, ते."

फोटो ही नोंद आहे आणि कॅप्शन हे तिचं स्पष्टीकरण, एवढं एक धरून चाललं की निम्मं काम होतं. बंड्याचा पहिला मजकूर पाहा: 'केस गेले, पोटं आली, पोरं झाली!' तालावर आहे, म्हणून ग्रुपवर हशाही भरपूर झाला. पण यातली तिन्ही विधानं फोटोत दिसतात. मक्याचं टक्कल एवढं चकाकतंय की फोटोवाल्याला तिथे फ्लॅशची गरज पडली नसेल. माझ्या पोटाने शिऱ्याचा अर्धा हात झाकला आहे. बघणाऱ्याने आधीच पाहिलेलं त्यालाच वाचून दाखवायचं, म्हणजे बंड्याने तेवीस वर्षांनी पुन्हा तीच चूक केली. माणूस बदलतो म्हणतात ते काही खरं नाही.

मक्याने पाठवलं: 'मैत्री तीच, जबाबदाऱ्या नव्या.' असा मजकूर रबरी शिक्क्यासारखा असतो, कुठेही उमटतो. त्याची परीक्षा सोपी आहे. ओळ उचलायची आणि भलत्याच फोटोखाली लावून पाहायची. मी ती आमच्या शाखेतल्या दोन हेडकॅशियरांच्या बढतीच्या फोटोखाली लावली, चपखल बसली. मग वर्तमानपत्रातल्या दोन पक्षांच्या युतीच्या फोटोखाली लावली, तिथे तर आमच्यापेक्षा छान बसली. जी ओळ तिथे बसते ती आमच्या अव्याच्या चपलेबद्दल काय बोलणार?

शिऱ्याने 'तेव्हा-आता'चा प्रकार हाताळला. आईबाप झालेल्या मित्रांच्या फोटोखाली हा प्रकार हमखास येतो, कारण तो सोपा वाटतो. शिऱ्याची ओळ: 'तेव्हा पाठीवर सॅक, आता डोक्यावर हप्ते.' यात गोम अशी की तेव्हाचं एक खातं आणि आताचं दुसरंच. गेल्या वर्षीच्या चहापाण्याच्या खर्चाची तुलना यंदाच्या वीजबिलाशी केली तर ऑडिटर विचारील, "साहेब, हे काय?" थट्टा व्हायची तर दोन्हीकडे वस्तू एकच हवी आणि बदल फक्त माणसात दिसायला हवा. शिवाय हप्ते काही मुलं झाल्याने येत नाहीत. ते बिनमुलांच्या माणसालाही आम्हीच देतो. ते तर आमचं कामच आहे.

ही युक्ती बरोबर साधली ती संगीला. तिने लिहिलं: 'तेव्हा आपले मार्क घरी लपवले, आता मुलांचे एकमेकांपासून लपवतो.' मी वाचून चाट पडलो. मार्क दोन्हीकडे आहेत, लपवणंही दोन्हीकडे आहे. बदललं ते फक्त कुणापासून. फोटोत यातलं काही दिसत नाही. आणि थट्टा मुलांची नाही, आमची आहे. माझ्या मुलीच्या सहामाहीच्या मार्कांबद्दल मी बंड्याला जो आकडा सांगितला होता त्यात थोडा राउंडिंगचा फरक होता, त्यामुळे मला ती जरा लागलीसुद्धा. उत्तम थट्टेची खूण हीच की ती लागते आणि तरी आपण ती दुसऱ्याला वाचून दाखवतो.

तरीही मी ती नापास केली, आणि जड मनाने केली. संगीने कारण विचारलं तेव्हा म्हटलं, "अव्याच्या मुलीला अजून दात पुरते आले नाहीत गं. मार्क कुठून येणार?" फोटोत सहा जण आणि ओळ पाच जणांची, हा ताळा जुळत नाही. ग्रुपफोटोखालच्या ओळीने सगळ्यांना धरलं पाहिजे. नाहीतर सहावा माणूस स्वतःच्या भिंतीवर दुसऱ्यांची फ्रेम लावून बसतो. संगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बरोबर आहे रे. आणि आमचा चिरंजीवही म्हणत होताच, भिंतीवर माझे मार्क नकोत म्हणून."

मग बंड्याचा दुसरा मजकूर आला. बंड्या हार मानणाऱ्यातला नाही, हाच त्याचा दोष. 'अखेर शेवटची विकेट पडली! सगळे बाप झाले!' संगीने ताबडतोब आक्षेप नोंदवला, "मी कुठे बाप झाले?" त्यावर अर्धा तास धुमाकूळ चालला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली ती पिवळी तोंडं ओळीने आली. त्या सगळ्या गर्दीत अव्याकडून एक नुसता अंगठा आला.

इथे मी थांबलो. अव्या हा आमच्यात सगळ्यांत वाईट कोट्या करणारा माणूस. त्याची थट्टा केली की तो उलट करतोच, आणि ती पहिल्यापेक्षा वाईट असते. थट्टा झालेल्या माणसाने उलट टोला दिला तर समजावं, रक्कम पोचली. नुसता अंगठा आला तर समजावं, चेक परत आला आहे. फक्त माणूस सभ्य असल्यामुळे कारणाची चिठ्ठी जोडलेली नाही.

हा अंगठा मी पूर्वी एकदा पाहिला होता, आणि तेव्हा मला तो वाचता आला नव्हता. २०१२ साली शिऱ्याच्या मुलाच्या बारशाला आम्ही सगळे जमलो होतो. तिथला ग्रुपफोटो मी फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिलं: 'पाच झाले, सहावा कधी?' मला ती ओळ फार आवडली होती. तिला चोवीस जणांनी पसंती दिली आणि त्यात अव्याचा अंगठाही होता. त्यानंतर अडीच वर्षं अव्या आमच्या एकाही भेटीला आला नाही. कधी ऑफिसात ऑडिट, कधी गावाला काम. आम्ही म्हणायचो, अव्या मोठा साहेब झाला. पुढे एका लग्नात त्याच्या बायकोने आमच्या हिला सांगितलं की त्या बारशाच्या आठवड्यातच दवाखान्यातून त्यांना तिसऱ्यांदा 'नाही' ऐकावं लागलं होतं. ती ओळ वाचून अव्या काही बोलला नाही. फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला, एवढंच ती म्हणाली.

मी अव्याची कधी माफी मागितली नाही. आमच्या पिढीत मित्राची माफी मागायची रीत नाही. आम्ही त्याला मिसळ खायला घेऊन जातो. मी नेलं. त्याने खाल्ली. बिलही त्यानेच दिलं.

तेव्हा बंड्याची ओळ मी खासगीत फोन करून रद्द केली. त्याला कारण सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अरे पण आता तर मुलगी आली ना? आता काय हरकत?" हा प्रश्न वाटतो तेवढा बावळट नाही. गोष्ट शेवटी चांगली झाली की आधीची थट्टा माफ होते असं सगळ्यांनाच वाटतं. पण 'अखेर' आणि 'शेवटची विकेट' या शब्दांत बारा वर्षं मोजलेली आहेत, आणि ती बंड्याने मोजलेली नाहीत. ज्याने मोजली त्याच्या खात्यावर बंड्या चेक फाडत होता. सही जुळत नव्हती.

आता मला वाटलं, समीक्षकानेच लिहून दाखवावं. टीकाकाराला लिहिता येत नाही असा एक जुना आरोप आहे, तोही धुऊन निघेल. रात्री जेवणं झाल्यावर बसलो आणि लिहिलं: 'पाच जण कायम, एक प्रोबेशनवर!' माझ्या सगळ्या निकषांना ती उतरत होती. फोटोत दिसत नाही. दुसऱ्या फोटोखाली बसत नाही. सहाही जण आले. शिवाय बँकेचा शब्द, म्हणजे माझ्या स्वतःच्या खात्यातला. मी खूश होऊन हिला वाचून दाखवली.

ही भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, प्रोबेशनवरच्या माणसाला काय करता येतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काढता येतं ना?"

मी म्हटलं, "अगं, विनोद आहे."

"ते मला कळलं," ती म्हणाली. "पण त्यांच्याकडे अजून बाई येतात दर सहा महिन्यांनी. घर बघतात, मुलीचं वजन बघतात, रिपोर्ट लिहितात. दोन वर्षं येणार आहेत. तुमची ओळ त्यांच्या भिंतीवर असेल आणि त्या बाई सोफ्यावर."

मी वही मिटली. मूल दत्तक घेताना काय काय होतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. अव्याने नाव नोंदवून साडेतीन वर्षं वाट पाहिली ते मी पाहिलं होतं. मूल आधी सांभाळायला घरी येतं, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होतो, आणि मूल घरी आल्यापासून दोन वर्षं पाहणी चालू राहते, हे त्यानेच मला आमच्या काउंटरवर उभं राहून सांगितलं होतं. सगळं माहीत असूनही ओळ लिहिताना मला त्यातलं काही आठवलं नाही, कारण मी त्या वेळी अव्याकडे बघत नव्हतो; माझ्या कोटीकडे बघत होतो. २०१२ सालीही हेच झालं होतं. बंड्याला गाढव ठरवून झाल्यावर वर्गात वही माझीही वर धरली गेली, एवढाच फरक.

शेवटी मी ग्रुपवर प्रांजळपणे कळवलं की आलेल्या सर्व मजकुरांत एकही पसंत नाही, समीक्षकाचा स्वतःचाही नाही, सबब फ्रेम विनामजकूर करावी. त्यावर रात्री पावणेबाराला अव्याचा मजकूर आला. मुलगी झोपल्यावरच त्याला सवड मिळते. लिहिलं होतं:

'दोन्ही वेळा मी शेवटी पोचलो. – अव्या
(तुम्ही थांबल्याबद्दल.)'

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. समीक्षक म्हणून सांगायचं तर यात बोट ठेवायला जागा नाही. पहिल्या फोटोत त्याच्या हातात तुटकी चप्पल आहे, दुसऱ्यात खांद्यावर मुलगी. पण उशीर दोन्हीकडे एकच, म्हणजे खातं एकच. बंड्याच्या 'शेवटच्या विकेट'मध्येही हाच उशीर होता, शब्दही जवळजवळ तेच. मात्र चेक आता ज्याच्या खात्यावर होता त्याचीच खाली सही होती, आणि ती जुळत होती. थट्टा त्याने स्वतःची केली आणि खाली कंसात आमची बाकी काढली. आम्ही पाऊण तास थांबलो होतो हे २००१च्या फोटोत दिसत नाही, आणि नंतर थांबलो की नाही हे तर कुठल्याच फोटोत दिसत नाही. मी तर नक्कीच थांबलो नव्हतो. मी विचारत होतो, सहावा कधी. त्याने ते माझ्या नावे न टाकता सरळ जमेला धरलं. आमच्या धंद्यात याला बुडीत रक्कम माफ करणं म्हणतात, आणि त्याला वरच्या साहेबाची सही लागते.

शिवाय ते 'बद्दल'! सर असते तर त्यांनी वही वर धरली असती, पण या वेळी वर्गाला दाखवायला.

ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. पिवळी तोंडंही आली नाहीत. मग बंड्याने लिहिलं, "थांबलो कसले? भजी तळून व्हायची होती." एका मिनिटात अव्याचं उत्तर: "तरीच माझ्या वाटणीची संपली होती. तेवीस वर्षांचं व्याज लावून आण." त्याखाली शिऱ्याने व्याजाचा दर विचारला, मक्याने सरळव्याज की चक्रवाढ असा वाद घातला, आणि संगी म्हणाली की झोपा आता, उद्या मुलांचे डबे आहेत.

फ्रेमवाल्याकडे मजकूर मीच घेऊन गेलो. त्याने अक्षरं मोजली, मान हलवली आणि म्हणाला, "साहेब, बसतंय. पण हा कंस काढू का? वाक्य अर्धवट वाटतंय."

मी म्हटलं, "राहू दे. वाक्य वर फोटोत पुरं झालंय."